दमडी, फरारबाई आणि ऑगस्ट १९४२ : नगरच्या वाटेवरच्या तारखा

नगर शहरात आम्ही पोरापोरींना घेऊन जी ऐतिहासिक फेरी काढतो, तिच्यावर एक आक्षेप नेहमी येतो. तो बाहेरच्यांकडून येत नाही, आपल्याच लोकांकडून येतो. "दादा, आपल्या बाजूची एखादी गोष्ट कुठे सापडली की तुम्हीच ती तारखा काढून खोडता. त्यांच्या गोष्टी कोण तपासतं?" गेल्या फेरीत एका कार्यकर्त्याने हे जरा रागानेच विचारले. रस्त्यावर उभ्या उभ्या पूर्ण उत्तर देता आले नाही, म्हणून फेरीच्या क्रमानेच इथे लिहितो.

आमची वाट साधी आहे. बागरोजापासून निघायचे, शहरातून अमेरिकन मिशनच्या भागात यायचे, तिथून भुईकोट किल्ला आणि शेवटी दमडी मशीद. लोक "चांदबिबी महाल" म्हणतात ती डोंगरावरची तीन मजली वास्तू शहराबाहेर आहे, म्हणून फेरीत नाही. जाता जाता एवढेच सांगतो की ती चांदबिबीचा महाल नाही. ती सलाबतखान या निजामशाही मंत्र्याची कबर आहे. नाव एकाचे आणि थडगे दुसऱ्याचे हा प्रकार नगरमध्ये नवा नाही.

बागरोजात शहराचा संस्थापक अहमद निजामशाह याची कबर आहे. इथे पहिला प्रश्न ठरलेला असतो, शहर कधी वसले? दरवर्षी २८ मे रोजी स्थापना दिन साजरा होतो आणि साल सांगतात १४९०. त्या दिवशी घडली ती लढाई. बहमनी फौज अहमदवर चालून आली होती, तिचा त्याने पराभव केला आणि तो स्वतंत्र झाला. विजयाच्या जागी त्याने बाग केली. शहराचा पाया मात्र त्यानंतर घातला गेला. फेरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी याच दरबारात होता. तो पायाचे वर्ष हिजरी ९०० देतो.

हिजरी वर्ष चांद्र असते, साधारण ३५४ दिवसांचे. म्हणून त्यात सरळ ६२२ मिळवून चालत नाही. तसे केले तर १५२२ येते, आणि तोवर अहमद हयातही नव्हता. चूक झाली आहे हे ओळखायची सोपी खूण हीच, आलेले साल त्या राजाच्या हयातीत बसते का ते पाहायचे. हिशेब असा करायचा. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणायचे, ९०० चे ८७३ होतात. त्यात ६२१.६ मिळवायचे, १४९४.६ येते. म्हणजे ते हिजरी वर्ष १४९४ च्या उत्तरार्धात सुरू होऊन १४९५ मध्ये संपले. महिना दिलेला नसेल तर एकच साल लिहू नये, १४९४-९५ असे जोडसाल लिहावे. पोरांना आम्ही हा हिशेब बागरोजाच्या कट्ट्यावर मोबाइलमध्ये करायला लावतो. म्हणजे २८ मे १४९० हा विजयाचा दिवस आहे आणि शहराचा पाया चार-पाच वर्षांनंतरचा.

इथेच नामांतराचा विषय निघतो. ३१ मे २०२३ रोजी चोंडीला घोषणा झाली आणि २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चोंडीचा. म्हणजे शहर वसल्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी. अहिल्याबाईंविषयी आदर असायला ही तारीख आड येत नाही. पण फेरीत कुणी "मूळचे हिंदू नाव परत मिळाले" म्हणाला, तर "परत" हा शब्द तारखेत बसत नाही एवढे आम्ही दाखवतो. गंमत म्हणजे फेरिश्त्याच्याच म्हणण्याप्रमाणे अहमदचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण घरात जन्मलेला होता. नामांतर या शब्दासाठी आपल्या लोकांनी मराठवाड्यात घरे जळताना पाहिली, १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहिली. तो शब्द इतक्या स्वस्तात वापरलेला ऐकून कान दुखतात, हे माझे वैयक्तिक.

मिशनच्या भागात आलो की सगळ्यांचे फोन बाहेर निघतात. कारण इथली गोष्ट सावित्रीमाईंची आहे. ती सहसा अशी सांगितली जाते, "१८४७ साली याच इमारतीत सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले आणि मग पुण्यात शाळा काढली." वाक्य एकच आहे, पण त्यात चार दावे आहेत. साल, इमारत, प्रशिक्षण आणि क्रम. चारही एकत्र गिळायचे नाहीत, एकेक सोडवायचा.

सिंथिया फरार या अमेरिकेतून अविवाहित मिशनरी म्हणून १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या. नगरला त्या १८३९ मध्ये आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. मधली तेवीस वर्षे मुलींच्या शाळा चालवल्या. म्हणजे नगरच्या फरारबाईंशी जोडलेली कुठलीही घटना १८३९ ते १८६२ या चौकटीत बसायला हवी. १८४७ बसते. पण चौकटीत बसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

आता पक्का पुरावा पाहू. तो खुद्द जोतीरावांचा आहे. 'ज्ञानोदय' हे मिशनचे पत्र १८४२ मध्ये नगरहूनच सुरू झाले होते. त्यात १८५३ च्या सप्टेंबरात जोतीरावांचे म्हणणे छापून आले. आपले मित्र गोवंडे यांच्याबरोबर नगरला फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, त्या पाहून समाधान वाटले आणि पुण्याला परतून मुलींची शाळा काढली, असा त्याचा आशय आहे. घटनेनंतर पाचसहा वर्षांत, हयात माणसाने, ज्या मिशनची गोष्ट त्याच मिशनच्या पत्रात सांगितलेली. याहून चांगला साक्षीदार क्वचित मिळतो. यातून एक गोष्ट ठाम होते. पुण्याच्या शाळेआधी नगरची शाळा जोतीरावांनी पाहिली. ती भेट १८४८ च्या पहिल्या शाळेच्या आधीची. त्या शाळेचीही तारीख १ जानेवारी की ऑगस्ट असा वाद चरित्रकारांत आहे, पण वर्षाबद्दल नाही.

सावित्रीमाईंचे काय? त्यांना पहिले अक्षर जोतीरावांनीच घरी शिकवले, पुढचा अभ्यास केशव शिवराम भवाळकर आणि सखाराम यशवंत परांजपे यांनी करून घेतला, हे चरित्रांत येते. नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात अध्यापनाचे शिक्षण घेतले, हेही चरित्रांत येते. पण "चरित्रात येते" आणि "त्या काळच्या कागदात आहे" या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि आम्ही त्या वेगळ्याच ठेवतो. म्हणून फेरीत आमचे वाक्य असे असते : "नगरच्या फरारबाईंच्या शाळा पाहून जोतीरावांना पुण्याच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हे त्यांनी स्वतः सांगितले. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे प्रशिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात." दुसऱ्या वाक्यात साल नसते. पहिल्यात ते १८५३ असते, कारण ते कागदाचे साल आहे.

एका फेरीत अकरावीतल्या मुलीने विचारले, "मग दादा, मी प्रोजेक्टमध्ये १८४७ लिहू की नको?" मी म्हणालो, "बाई, तुला १८४७ कुठे छापलेले सापडले ते आधी लिही. मग त्या माणसाला ते कुठून सापडले ते शोध." पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. तीन ठिकाणी १८४७ होते आणि तिन्ही ठिकाणचे वाक्य शब्दशः सारखे होते. तीन साक्षीदार नव्हते, एकाचीच तीन तोंडे होती. हे तिला कुणी शिकवले नव्हते, तिचे तिला दिसले.

इमारतीचा दावा तर आम्ही सरळ गाळतो. आवारात आज जी इमारत उभी आहे तिचा फोटो काढून खाली "सावित्रीबाईंची शाळा" लिहिले की तो फोटो वर्षभरात शंभर ठिकाणी फिरतो आणि मग तोच पुरावा बनतो. म्हणून इथल्या फोटोला आमची ओळ ठरलेली आहे, "अमेरिकन मिशनचा परिसर, नगर. आजचा फोटो." त्याखाली फेरीची तारीख. याने फोटोचे मोल कमी होत नाही. उद्या कुणी विरोधकाने "ही इमारत तर नंतरची" असे दाखवून दिले, तर तो इमारतीवर थांबत नाही. तो म्हणतो सावित्रीबाईंची सगळी गोष्टच बनावट आहे. असले लेख आपण वाचले आहेत. त्यांना हातात आयते दगड द्यायचे कशाला?

किल्ल्यावर फोटोंची पंचाईत असते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत काय काढू देतात आणि काय नाही, हे दारावर विचारूनच ठरवायचे. आम्ही बाहेरून खंदक आणि बुरुजांची ओळ घेतो आणि पुढे जातो. किल्ला आधी मातीचा होता, हुसेन निजामशाहाच्या वेळी १५५९ ते १५६२ या काळात दगडी झाला. हे साल लक्षात ठेवा, दमडी मशिदीपाशी लागेल.

किल्ल्याची सगळ्यांना ठाऊक गोष्ट म्हणजे नेहरूंची. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत ठराव झाला, ९ ऑगस्टला पहाटे अटका झाल्या आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या बाराजणांना इथे आणले. नेहरू, आझाद, पटेल, नरेंद्र देव, शंकरराव देव ही त्यातली काही नावे. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नेहरूंनी इथे एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत लिहिले. "तीन वर्षे बसून लिहिले" असे सांगतात ते बरोबर नाही.

इथे आमच्या फेरीत नेहमी एक टोमणा येतो. "हे आत होते तेव्हा तुमचे बाबासाहेब कुठे होते? व्हाइसरॉयच्या मंडळात!" हो, होते. जुलै १९४२ मध्ये ते मजूरमंत्री झाले. आणि ७ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे अटकांच्या दोन दिवस आधी, दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की टोमण्याचे उत्तर आपोआप तयार होते. एक गट राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा ठराव करत होता, आणि त्याच आठवड्यात एक माणूस कारखान्यातल्या मजुराला सरकारच्या टेबलाशी बसवत होता. दोन्ही कामे होती. दुसरे कमी दर्जाचे होते असे ज्याला म्हणायचे आहे त्याने गिरणीत बारा तास उभे राहून म्हणावे.

पण नेमके याच क्षणी आपल्यातलाच कुणीतरी उत्साहाने पुढे येतो, "बाबासाहेबांनी २७ नोव्हेंबर १९४२ ला कामाचे तास चौदावरून आठ केले!" हे दरवर्षी मोबाइलवर फिरते. मी त्याला थांबवतो, आणि सुरुवातीला सांगितलेला राग इथेच उफाळतो. पण हिशेब बघा. १९३४ चा कारखाने कायदा आधीपासून लागू होता. त्यात बारमाही कारखान्यांना दिवसाला जास्तीत जास्त दहा तास आणि आठवड्याला चोपन्न तास अशी मर्यादा होती. म्हणजे १९४२ मध्ये कायद्याने चौदा तास नव्हतेच, मग चौदावरून खाली कसे येणार? प्रत्यक्षात झाले ते असे. बाबासाहेबांच्या खात्याने कायद्यात दुरुस्ती आणली आणि १९४६ मध्ये आठवड्याची मर्यादा चोपन्नवरून अठ्ठेचाळीस तासांवर आली. दिवसाची कमाल मर्यादा नऊ तास झाली. सहा दिवसांचा आठवडा धरला की अठ्ठेचाळीसचे रोज आठ होतात. 'आठ तास' हे शब्द तिथून आले.

चौदाची गोष्ट मोठी वाटते आणि चोपन्नची लहान, हे खरे आहे. पण चौदाची गोष्ट कामगार चळवळीतला कुणीही जाणता माणूस एका मिनिटात १९३४ चा कायदा दाखवून पाडू शकतो. चोपन्नवरून अठ्ठेचाळीस पाडता येत नाही. आठवड्याचे सहा तास म्हणजे वर्षाचे तीनशेहून अधिक तास, एका मजुराचे. गिरणी, छापखाना, तेलघाणी, सगळीकडचे मजूर मोजा. मला तर हा आकडा चौदापेक्षा मोठा वाटतो, कारण तो कुणी खाऊ शकत नाही. त्या कार्यकर्त्याला मी हेच सांगितले. तो म्हणाला, "पण पोस्टर छापून झालंय." मी म्हणालो, "मग पुढच्या वर्षी नवं छापू."

किल्ल्यापासून जवळच दमडी मशीद आहे. छोटी आहे, पण दगडातले कोरीवकाम असे की पोरे गप्प होतात. पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. तिची दंतकथा आपल्याला फार आवडते. किल्ल्याच्या कामावर राबणाऱ्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी काढून ही मशीद बांधली, म्हणून तिचे नाव दमडी. राजाने नाही, सरदाराने नाही, मजुरांनी! अशी गोष्ट सोडवत नाही, कारण किल्ल्याला राजाचे नाव आहे आणि दगड फोडणाऱ्या हातांची नावे कुठेच मिळत नाहीत. निदान मशिदीच्या नावात त्यांची दमडी आहे.

आता कसोटी. मशिदीचे साल १५६७ आणि ती बांधणाऱ्याचे नाव साहिरखान सांगितले जाते. किल्ल्याचे दगडी काम १५५९ ते १५६२. म्हणजे मशीद किल्ल्यानंतर पाच वर्षांनी उभी राहिली. मधल्या काळात तालिकोटची लढाई झाली, किल्ला बांधणारा हुसेन १५६५ मध्ये वारला आणि गादीवर मुर्तजा आला. म्हणजे "किल्ल्याचे काम चालू असताना मजुरांनी रोजच्या मजुरीतून बांधली" ही गोष्ट जशीच्या तशी बसत नाही.

मग ती खोटी आहे का? इथे घाई करू नये. तट झाला तरी किल्ल्यातली लहानमोठी कामे संपतात असे नाही, मजूर गावातच राहिले असतील. सरदाराच्या नावाने उभारलेल्या वास्तूत गरिबांचा पैसा असू शकतो, देणाऱ्यांची नावे तिथे कोरत नसत. उलटही शक्य आहे. "दमडी" हे नाव आधी कुठल्याशा कारणाने पडले आणि नावाला शोभेल अशी गोष्ट नंतर कुणी जुळवली. अशा गोष्टी पुष्कळदा नावातून जन्मतात. गोष्टीत नावाचे कारण सांगण्यापलीकडे काही तपशील नसेल, कुठला मुकादम, किती मजूर, कुठला वाडा, तर ती नावावरून बनली असण्याची शंका घ्यावी. दमडीच्या गोष्टीत असा एकही तपशील नाही.

म्हणून आम्ही दोन्ही सांगतो, पण वेगवेगळ्या आवाजात. साल आणि साहिरखान हे "नोंद" म्हणून, दमडी हे "लोक सांगतात" म्हणून. मग मी पोरांना हात लावू न देता भिंतीजवळ नेतो आणि कोरीवकाम दाखवतो. हे कुणीतरी छिन्नीने केले. तो माणूस होता याला दंतकथेची गरज नाही, भिंतच साक्षीदार आहे. कुणी कोरले, त्याची जात काय, मजुरी किती, हे आपल्याला कळत नाही. ती जागा फेरीत रिकामीच ठेवतो. गोष्टीने भरत नाही.

इथले फोटो आम्ही दुपारी काढत नाही, उन्हात कोरीवकाम सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात प्रकाश तिरका पडतो, तेव्हा अक्षरे आणि वेलबुट्टी उठून दिसते. आधी पूर्ण दर्शनी भाग, मग एक भिंत, मग जवळून नक्षी किंवा लेख, या क्रमाने तीन फोटो घ्यायचे. नुसता जवळचा फोटो घेतला तर सहा महिन्यांनी तो कुठल्या भिंतीवरचा हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. लेखाचा फोटो असेल तर शेजारी काहीतरी ओळखीच्या मापाची वस्तू दिसू द्यायची, आम्ही वही धरतो. आणि फोटोखाली आधी "नोंद" लिहायची, मग "लोक सांगतात". गेल्या फेरीनंतर आलेल्या फोटोंपैकी दोन परत पाठवले, ओळ उलटी लिहिली होती म्हणून. त्यातला एक त्या रागावलेल्या कार्यकर्त्याचाच होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आला, आणि खाली त्याने स्वतःहून एक प्रश्न जोडला होता, "साहिरखानाचे नाव नेमके कुठल्या लेखात आहे, तो वाचणारा फारसीचा माणूस आपल्याकडे कोण?" पुढच्या फेरीला असा एकजण सोबत न्यायचे ठरले आहे.